पान कापलेलं दिसतंय: झूम की मार्जिन?

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा वार्षिक अहवाल वर्डमध्ये आहे, आधीच्या सेक्रेटरींनी पाठवलेला. माझ्या लॅपटॉपवर (1366×768) उघडला की पान फार रुंद दिसतं, प्रत्येक ओळीचे शेवटचे शब्द उजवीकडे कापले जातात. खाली कोपऱ्यात 180% दिसतं, डावीकडे शीर्षकांची पट्टी उघडी असते. मी मार्जिन कमी करत करत 0.1 इंचावर आणलं, तरी उपयोग नाही, उलट जास्तच शब्द जायला लागले. 14 पानांची 10 झाली आणि आता प्रिंटमध्येही दोन्ही बाजूंची अक्षरं कापली जातात. नक्की काय करू?

उत्तर:

आधी एक काम करा. मार्जिन जिथे होतं तिथे परत न्या. Layout टॅबमध्ये Margins वर जा आणि Normal निवडा, म्हणजे चारही बाजूंना 2.54 सेंटिमीटर. पानं पुन्हा 14 झाली की समजा, फाइल मूळ जागी आली. 14 झाली नाहीत तर मूळचं मार्जिन वेगळं असणार. अशा वेळी आधीच्या सेक्रेटरींनी पाठवलेली मूळ फाइल मेलमधून पुन्हा उतरवून घ्या, ते सगळ्यात सोपं.

तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिलं स्क्रीनचं होतं आणि ते झूमचं होतं. दुसरं कागदाचं आहे आणि ते पहिल्यावर केलेल्या उपचारातून आलं. मी तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते, वीस वर्षं झाली. पेनड्राइव्ह घेऊन "ताई, पान कापतंय" म्हणत येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, की स्क्रीनवर कापतंय की कागदावर? निम्म्या लोकांनी प्रिंट काढून पाहिलेलीच नसते.

हे ओळखायची माझी खूण अगदी साधी आहे. पहिल्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द बघून ठेवा. समजा तो "सभासदांनी" आहे. आता Ctrl दाबून माउसचं चाक फिरवा, पान लहानमोठं होईल. 60 टक्क्यांवर बघा, 180 वर बघा. ओळ दर वेळी "सभासदांनी"वरच संपते, कारण झूम म्हणजे पानाकडे बघायचं भिंग. ते जवळ आणा, लांब न्या, कागदावरचं अक्षरही हलत नाही. मग मार्जिन कमी करून बघा. ओळीत आणखी एकदोन शब्द मावतात, "सभासदांनी" ओळीच्या मध्ये जातो आणि खालचं सगळं वर सरकतं. शेवटचा शब्द बदलला तर तुम्ही कागदाला हात लावलात, नाही बदलला तर फक्त नजरेला.

ही खूण Print Layout या दृश्यातच लागू पडते. Web Layout मध्ये मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे वळतो, तिथे झूम बदलला की ओळीही बदलतात. मोबाइलवरच्या वर्डमध्येही वाचायच्या सोयीसाठी मजकूर तसाच वळवून दाखवतात. आणि फाइल दुसऱ्या संगणकावर नेलीत, तिथे तुमचा मराठी फाँट नसला, तर वर्ड दुसरा फाँट लावतो आणि ओळी बदलतात. म्हणून ही तपासणी एकाच मशीनवर करा.

आता तुमच्या स्क्रीनचा हिशोब मांडते, म्हणजे मार्जिन कमी केल्यावर जास्त शब्द का गेले ते कळेल. ए-4 कागद 21 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 8.27 इंच. विंडोज एका इंचाला 96 ठिपके धरतं. म्हणून 100 टक्के झूमवर पानाची रुंदी साधारण 794 ठिपके आणि 180 टक्क्यांवर 1429. तुमचा अख्खा स्क्रीनच 1366 ठिपक्यांचा. त्यात डावीकडची शीर्षकांची पट्टी अडीचशे ठिपके खाते असं धरू. उरले 1116. म्हणजे पानाचे 313 ठिपके उजवीकडे बाहेर.

पण हे 313 म्हणजे सगळा मजकूर नव्हे. मूळ मार्जिन एक इंचाचं होतं असं धरू. 180 टक्क्यांवर त्याचे 173 ठिपके होतात आणि ती नुसती कोरी जागा असते. म्हणजे मजकुराचे फक्त 140 ठिपके झाकले गेले होते, कागदावर मोजलं तर दोन सेंटिमीटर, एकदोन शब्द. मग तुम्ही मार्जिन 0.1 इंचावर आणलंत. पान तेवढंच रुंद राहिलं, कारण मार्जिनने पानाची रुंदी बदलत नाही, पानाच्या आत मजकुराला किती जागा द्यायची एवढंच ठरतं. शाळेच्या वहीत आपण समास आखायचो तसंच हे. समास अरुंद आखला म्हणून वही लहान होत नसे. इथे उजवीकडची कोरी जागा 173 वरून 17 ठिपक्यांवर आली आणि मजकूर पसरून थेट पानाच्या कडेपर्यंत गेला. झाकलेला मजकूर 140 वरून 296 ठिपक्यांवर, म्हणजे एकदोन शब्दांच्या जागी तीनचार शब्द गायब. तुम्ही जितकं मार्जिन कमी करत गेलात, तितका मजकूर आपणहून त्या झाकलेल्या भागात सरकत गेला.

हे आकडे विंडोजची स्केल 100 टक्के धरून आहेत. बऱ्याच लॅपटॉपवर ती 125 असते. Settings मध्ये System, मग Display, तिथे Scale बघा. 125 असेल तर 100 टक्के झूमवरच पान 992 ठिपक्यांचं होतं आणि 180 वर ते स्क्रीनच्या बरंच बाहेर जातं. आकडे बदलतात, हिशोबाची रीत तीच.

यावर उपाय एका क्लिकचा आहे. View टॅबमध्ये Page Width दाबा. वर्ड स्वतःच खिडकीची रुंदी बघून झूम ठरवतो. तुमच्या स्क्रीनवर पट्टी उघडी असताना तो 135 ते 140 च्या आसपास येईल. पट्टी बंद केलीत, म्हणजे View मधल्या Navigation Pane वरची टिकली काढलीत, आणि पुन्हा Page Width दाबलंत, तर 170 च्या आसपास जाईल. पट्टी उघडल्या-मिटल्यावर किंवा खिडकी लहानमोठी केल्यावर बटण परत दाबावं लागू शकतं.

तुमचे डोळे थकत असतील आणि 140 टक्के बारीक वाटत असतील तर आणखी एक सोय आहे, ती फार जणांना माहीत नसते. खाली कोपऱ्यातल्या 180% या आकड्यावरच क्लिक करा. एक छोटी खिडकी उघडेल. तिथे Page width च्या खाली Text width असतं. हे पानाऐवजी फक्त मजकुराची रुंदी स्क्रीनवर बसवतं आणि दोन्ही बाजूंचे समास बाहेर जाऊ देतं. एक इंच मार्जिन असताना मजकुराची रुंदी 100 टक्क्यांवर 602 ठिपके. तुमच्या उरलेल्या 1116 मध्ये ती 180 टक्क्यांनाही मावते. म्हणजे सुरुवातीला तुम्ही खालची आडवी सरकपट्टी थोडी उजवीकडे ओढली असती, तरी 180 वर सगळा मजकूर दिसला असता. पान कापलेलं दिसणं आणि मजकूर कापलेला असणं यात फरक आहे तो असा. मी स्वतः दिवसभर Text width वरच काम करते. कोरे समास बघून मला काय करायचंय?

आता हा 180 चा आकडा आला कुठून? तुम्ही तर लावला नव्हता. वर्ड झूम फाइलमध्येच साठवतो. आधीच्या सेक्रेटरींचा मॉनिटर मोठा असणार. 1920 ठिपक्यांच्या मॉनिटरवर 180 टक्क्यांचं पान आरामात मावतं आणि वर जागा उरते. त्यांनी फाइल सेव्ह केली, आकडा आत गेला, तुमच्याकडे तसाच उघडला. तुमचीही सुधारलेली फाइल पुढच्या माणसाकडे तुमचा झूम घेऊन जाणार.

`.docx` म्हणजे आतून झिप फाइल असते. कुतूहल असेल तर तिची एक प्रत करून नावाचा शेवट `.zip` करा आणि उघडून बघा. `word` नावाच्या फोल्डरात `settings.xml` आहे, त्यात ही ओळ सापडेल:

```
<w:zoom w:percent="180"/>
```

आणि कागद मात्र शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये, `document.xml` मध्ये असतो. त्यातला कामापुरता भाग असा:

```
<w:pgSz w:w="11906" w:h="16838"/>
<w:pgMar w:left="1440" w:right="1440"/>
```

इथे 1440 म्हणजे एक इंच, आणि 11906 ही ए-4 ची रुंदी. नुसतं बघा, बदलू नका. झूम एका फाइलमध्ये, पान आणि मार्जिन दुसऱ्या फाइलमध्ये. प्रिंटरला पहिल्या आकड्याशी काही देणंघेणं नाही.

एक बारीक अडचण सांगून ठेवते. नुसता झूम बदलला तर वर्ड तो "बदल" मानत नाही, त्यामुळे फाइल बंद करताना सेव्ह करू का असं विचारत नाही, आणि पुढच्या वेळी 180 परत येतं. लोकांना वाटतं संगणक हट्टी आहे. कुठेतरी एक स्पेस टाइप करा, खोडा, Page Width दाबा आणि मग Ctrl+S करा. आकडा टिकेल.

आता कागदाकडे. प्रिंटरला कागद धरून ओढायला कडेची थोडी जागा लागते, तिथे तो छापूच शकत नाही. घरातल्या आणि दुकानातल्या साध्या प्रिंटरांत ही जागा बहुधा चारपाच मिलिमीटर असते. मॉडेलप्रमाणे बदलते, आणि इंकजेटला खालच्या कडेला जास्त लागू शकते. तुमचं 0.1 इंच म्हणजे अडीच मिलिमीटर. अक्षरं त्या न छापता येणाऱ्या पट्ट्यात गेली आणि कापली गेली. छापताना वर्डने मार्जिन फार कमी आहे असा इशारा दिला असणार, तो आपण सगळेच न वाचता पुढे ढकलतो. माझा नियम असा, की कोणी कितीही पानं वाचवायला सांगितली तरी अर्ध्या इंचाच्या खाली जायचं नाही. आणि अहवाल बांधायचा असेल, नुसत्या स्पायरलचा का असेना, तर डावीकडे एक इंच सोडा. भोकं तिथेच पडतात.

पानं 14 ची 10 झाल्याने आणखी एक गोष्ट बिघडली असेल, ती तपासा. अहवालाच्या सुरुवातीची अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली असेल तर मार्जिन परत आल्यावर पानांचे आकडे जुळतील. वर्डची आपोआप बनणारी असेल आणि मधल्या काळात ताजी केली असेल, तर तिच्यावर क्लिक करून F9 दाबा. नाहीतर ताळेबंद पान 8 वर लिहिलेला आणि निघतो 11 वर, असं सभेत व्हायचं.

हे सगळं करूनही पान कापलेलंच राहिलं तर? Ctrl+P दाबा आणि उजवीकडे पानाचं चित्र बघा. तिथे सगळं नीट असेल तर कागदाची काळजी सोडा. तिथेही कापलेलं असेल तर दुखणं खरं आहे, आणि झूमने जाणार नाही. सोसायटीच्या अहवालात ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी निघतं: एक्सेलमधून चिकटवलेल्या जमाखर्चाच्या तक्त्यात. एक्सेलला पानाची कड माहीत नसते, त्यामुळे आठदहा स्तंभांचा तक्ता वर्डमध्ये येतो तो पानाच्या उजव्या कडेपलीकडे जातो आणि "शिल्लक"चा स्तंभ दिसतच नाही. तो गेलेला नसतो, पानाबाहेर असतो. तक्त्यात क्लिक करा. वर तक्त्याचा म्हणून जो Layout टॅब येतो (पानाचा Layout वेगळा, नाव सारखंच, ही वर्डचीच कृपा) त्यात AutoFit आणि मग AutoFit Window. तक्ता समासांच्या आत बसतो. आकडे चिरडून दोन ओळींत जायला लागले तर अक्षर एक-दोन अंकांनी लहान करा, नाहीतर तेवढंच पान आडवं करा. त्यासाठी पानाच्या Layout मधल्या Breaks मधून तक्त्याच्या आधी आणि नंतर Next Page टाका आणि मधल्या भागात Orientation ला Landscape निवडा. अख्खी फाइल आडवी करू नका.

दुसरी शक्यता कागदाच्या मापाची. Layout मध्ये Size बघा, A4 आहे ना? कोणाच्या अमेरिकेतल्या मुलाने साचा बनवून दिला असेल तर तो Letter असतो, 21.59 सेंटिमीटर रुंद आणि 27.94 उंच. ए-4 पेक्षा सहा मिलिमीटर रुंद, पण उंचीला पावणेदोन सेंटिमीटर कमी. वर्ड छापताना हे बहुधा सांभाळून घेतो, पण काही प्रिंटर लेटर कागद मागत अडून बसतात. आमच्याकडे जास्त त्रास लीगलचा. कोर्टाच्या कामाचे जुने मसुदे 35.56 सेंटिमीटर उंचीच्या लीगल कागदावर बांधलेले असतात आणि लोक ए-4 वर प्रिंट मागतात. माप न जुळवता छापलं तर खालचे जवळजवळ सहा सेंटिमीटर जातात, बहुतेक वेळा सहीची जागाच. सर्वोच्च न्यायालयाने 2020 पासून ए-4 केला, आणि समासही ठरवून दिले: डावीउजवीकडे 4, वरखाली 2 सेंटिमीटर. मजकुराला उरतात 13 सेंटिमीटर. असे नियम आले की स्क्रीनवर कसं दिसतं म्हणून समासाला हात लावायची चैनच उरत नाही.

दोन फसवी लक्षणं सांगते, कारण ती "कापलेलं" या एकाच शब्दाखाली माझ्याकडे येतात. पानाचे वरखालचे समास अचानक नाहीसे होऊन मजकूर एकाला एक चिकटलेला दिसला, तर तुमच्याकडून दोन पानांच्या मधल्या फटीवर डबल क्लिक झालंय. तिथेच पुन्हा डबल क्लिक करा, समास परत दिसतील. कागदावर ते होतेच. आणि वेलांट्या, रफार, अनुस्वार वरून कापलेले दिसत असतील तर परिच्छेदाच्या Line spacing मध्ये Exactly लावलेलं आहे का बघा. इंग्रजीसाठी बसवलेली उंची देवनागरीला कमी पडते. तिथे Single किंवा Multiple करा, मात्रा वर येतात.

तुम्ही अहवाल बाहेर छापायला देणार असाल तर वर्डची फाइल देऊ नका, Save As मधून पीडीएफ करून द्या. दुकानदाराला Fit ऐवजी Actual size वर काढायला सांगा, कारण Fit केलं की पान किंचित लहान होतं आणि आपण आखलेला समास कागदावर तोच राहत नाही. आधी पहिलं एकच पान काढून घ्या, त्यावर शाळेची पट्टी ठेवा आणि डावीकडची कोरी जागा मोजा. अडीच सेंटिमीटरच्या जवळ आली की उरलेली 13 पानं सोडायला सांगा.